जित्याचं नाव, मेल्याचं नाव

माझ्या चुलतभावाला या वर्षी मुलगा झाला. घर नागपूरच्या महाल भागातलं, जुनं, आणि घरात अजून आबा आहेत. वय चौऱ्याऐंशी, रोज सकाळी पेपर चष्म्याशिवाय वाचतात. आबांचं नाव माधव. चुलतभावाला आणि वहिनीला वाटलं, बाळाचं नाव माधवच ठेवावं. छोटं आहे, जुनं आहे, आणि जुनी नावं सध्या पुन्हा चलनात आहेत. त्यांनी हे जेवताना सांगितलं आणि आजीने हातातला घास ताटात ठेवला.

"जित्या माणसाचं नाव पोट्ट्याले ठेवते का कोणी?"

"काहून आजी, काय होते?"

"मंग मी त्याले हाक कशी मारू? रागावू कशी?"

मला वाटलं होतं आजी म्हणेल, आबांचं आयुष्य कमी होईल. ते तिने म्हटलंच नाही. तिची अडचण जिभेची होती. साठ वर्षांच्या संसारात तिने 'माधव' हा शब्द उखाण्याखेरीज उच्चारलेला नाही. शेजारच्या गल्लीतल्या माधवलाही ती 'तो कोपऱ्यावरचा' म्हणते.

जिवंत नातेवाइकाचं नाव बाळाला द्यायचं नाही, हा नियम जगात बऱ्याच ठिकाणी आहे. मेलेल्याचं नाव द्यायचं नाही, हाही आहे. बाहेरून पाहिलं तर दोन्ही सारखेच दिसतात, 'अंधश्रद्धा' म्हणून एका पिशवीत टाकता येतात. पण आत प्रत्येकाची भीती वेगळी असते. ती ओळखायला एक सोपा प्रश्न पुरतो: म्हातारा माणूस गेल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच्या नावाचं काय होतं? मोकळं होतं, बंद होतं, की होतं तसंच राहतं?

हे सगळ्यात स्वच्छ दिसतं ज्यू समाजात, कारण तिथे एकाच धर्मात एकमेकांच्या अगदी उलट दोन पद्धती शेकडो वर्षं शेजारी नांदल्या. जर्मनी, पोलंड, रशिया या पट्ट्यातल्या ज्यूंना अश्केनाझी म्हणतात. स्पेन-पोर्तुगालमधून हाकलले गेलेले आणि पुढे तुर्कस्तान, ग्रीस, उत्तर आफ्रिका इकडे पसरलेले ते सेफार्दी. सेफार्दी घरात पहिला मुलगा झाला की त्याला वडिलांच्या वडिलांचं नाव देतात. दुसऱ्याला आईच्या वडिलांचं. मुलींचंही तसंच, आजीच्या नावाने. आजोबा तिथेच खुर्चीत बसलेले असले तरी चालतं. चालतं कसलं, तोच मान. नातवाला आपलं नाव दिलं नाही तर आजोबा रुसतात.

अश्केनाझी घरात हेच केलं तर आजोबांना धक्का बसेल. मी मरायची वाट पाहताय का, असं ते विचारतील. तिथे नाव फक्त गेलेल्या माणसाचं देतात. कारण लोक असं सांगतात: मृत्यूचा दूत नाव घेऊन येतो. एकाच घरात एकाच नावाचे दोघे असले तर त्याची गफलत होऊ शकते. म्हाताऱ्याला न्यायला आलेला दूत पाळण्यातल्या बाळाला नेईल, नाहीतर उलट. दुसरं एक कारण असंही सांगतात की नाव म्हणजे जिवाचाच भाग. ते दुसऱ्याला दिलं तर मूळ माणसाच्या वाट्याचं आयुष्य विभागलं जातं.

आता आपला प्रश्न इथे लावून बघा. आजोबा गेले की गफलतीची भीती संपते. दूत एकदा येऊन गेला. त्यामुळे नाव त्या क्षणी मोकळं होतं. नुसतं मोकळं नाही, घाईने वापरायचं होतं, कारण आता ते नाव पुढे चालवणं हे घराचं काम. आजोबा गेल्यावर जो पहिला मुलगा जन्मेल, त्याला बहुधा ते मिळतंच.

याचा एक गमतीशीर उपयोग होतो, आणि वंशावळी शोधणारे लोक तो रोज करतात. समजा एका अश्केनाझी कुटुंबाची कागदपत्रं तुमच्या हातात आली. आजोबांचं नाव मोशे. त्यांना पाच मुलं, नातवंडं १८५५ पासून जन्मायला लागली. १८७१ पर्यंत बारा नातू झाले, त्यात एकही मोशे नाही. मग १८७२ मध्ये एका मुलाच्या घरी मोशे जन्मतो, १८७३ मध्ये दुसऱ्याच्या, १८७५ मध्ये मुलीच्या घरी तिसरा. आजोबांच्या मृत्यूची नोंद सापडलेली नाही, दफनभूमी उद्ध्वस्त झालेली आहे. तरी मृत्यू कधी झाला हे जवळजवळ कळलंच: मोशे नसलेल्या शेवटच्या नातवाच्या नंतर आणि पहिल्या मोशेच्या आधी. म्हणजे १८७१ किंवा १८७२. पाच घरांत तीन मोशे हे नावांच्या टंचाईमुळे झालेलं नाही. प्रत्येक मुलाला आपल्या बापाचं नाव आपल्या घरात हवं होतं.

आता त्याच कागदांत १८६१ सालचा एक मोशे निघाला तर? इथे नवशिके फसतात आणि आजोबांना दहा वर्षं आधीच मारून टाकतात. जरा थांबून बघावं लागतं. तो मुलगा खरंच याच कुटुंबातला आहे का? की त्याच गावात त्याच आडनावाचं दुसरं घर आहे? आजोबांचं नाव नुसतं मोशे होतं की दुहेरी, आणि बाळाला दिलेलं वेगळं धरलं गेलं? घर मूळ हॉलंडचं तर नाही? कारण तिथल्या अश्केनाझींनी शेजारच्या सेफार्दींची रीत उचलली होती आणि ते जिवंत आजोबांचं नाव देत. अमेरिकेत गेलेल्या पिढीत आणखी एक गुंता आहे. सरकारी कागदावर मुलगा 'मॅक्स' असतो, आजोबांशी त्याचं नातं फक्त पहिल्या अक्षरापुरतं. खरं नाव कळतं ते थडग्यावरच्या हिब्रू ओळीत, 'अमुकचा मुलगा मोशे' अशी ती ओळ असते.

आणि त्याच ओळीत कधीकधी 'याकोवचा मुलगा याकोव' असं दिसतं. अश्केनाझी दफनभूमीत ते वाचलं की जाणकार माणूस थबकतो. बाप आणि मुलगा एकाच नावाचे व्हायला तिथे जवळजवळ एकच वाट आहे: मूल जन्मायच्या आधी बाप गेला. दोन शब्दांत पूर्ण घराची गोष्ट. हीच ओळ सेफार्दी दफनभूमीत दिसली तर हा अर्थ काढता येत नाही.

या भीतीला लेखी आधार किती जुना? रेगेन्सबर्गमध्ये यहूदा हे-हसीद नावाचे धर्मगुरू होते, ते १२१७ मध्ये वारले. त्यांच्या नावावर एक मृत्युपत्र आहे आणि त्यात एक कलम फार प्रसिद्ध आहे: ज्या मुलीचं नाव आपल्या आईच्या नावासारखं आहे तिच्याशी लग्न करू नये. सासऱ्याचं आणि जावयाचं नावही एक नको. लोकांनी हे शेकडो वर्षं पाळलं, ठरलेली लग्नं यावरून मोडली. मग अठराव्या शतकात प्रागचे मोठे धर्मगुरू येहेझकेल लांडाऊ यांनी मत दिलं की ते मृत्युपत्र यहूदांनी आपल्या वंशजांसाठी लिहिलं होतं, साऱ्या जगासाठी नाही. त्यावरही वाद झालेच. व्यवहारात जी पळवाट निघाली ती मात्र आपल्याकडच्या कुठल्याही आजीला पटकन कळेल: मुलीचं नाव बदलायचं किंवा त्याला आणखी एक जोडायचं.

आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवरीचं नवं नाव लिहितात, ते का, याची कारणं अनेक सांगता येतील. पण सासूचं आणि सुनेचं नाव एकच निघालं की बाकी सगळं आधुनिक असलेलं घरही नाव बदलायचं बघतं, हे मी स्वतः दोनदा पाहिलं आहे. एका लग्नात कारण विचारलं तर मुलाचा काका म्हणाला, "अरे, घरात कोणाले आवाज दिला ते समजलं पाहिजे ना." म्हणजे इथेही यमदूत नाहीच. इथे स्वयंपाकघर आहे.

यमाला चकवायची कल्पना आपल्याकडे नाही असं मात्र नाही. ती नाव देण्यात नाही, नाव बिघडवण्यात आहे. ज्या घरात मुलं जगत नसत तिथे पुढच्याला दगडू, धोंडू, केरू, भिकू म्हणत. विदर्भात उकिरडा हे नाव जुन्या सातबाऱ्यांवर अजून भेटतं. उकिरड्यावर टाकलेलं मूल कोण नेणार? अश्केनाझींचं याला उत्तर आहे 'आल्टर', म्हणजे म्हातारा. भावंडं गेलेल्या तान्ह्या बाळाला म्हातारा म्हणायचं. दूत बाळ शोधत येतो, त्याला म्हातारा सापडतो, तो परत जातो. फार आजारी माणसाच्या नावापुढे 'हैम' म्हणजे 'जीवन' जोडतात, तेही याच हिशेबाने. तालमूद या ज्यूंच्या धर्मग्रंथात माणसाचा वाईट लेख पुसणाऱ्या ज्या चार गोष्टी सांगितल्यात, त्यात दान, प्रार्थना आणि वागणूक सुधारणं यांच्या जोडीला नाव बदलणंही आहे.

मराठी घराकडे परत येतो. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला देण्याची रीत जुनी आहे आणि ती बहुतेक वेळा आजोबा गेल्यावरची आहे. पेशव्यांच्या घरात तारखांसकट दिसते. बाळाजी विश्वनाथ एप्रिल १७२० मध्ये वारले. त्याच वर्षी ८ डिसेंबरला बाजीरावांना मुलगा झाला, त्याचं नाव ठेवलं बाळाजी. अश्केनाझी वंशावळवाल्याने हे दोन आकडे पाहिले असते तर त्याला हे आपल्याच घरचं वाटलं असतं. पुढे तेच पुन्हा: थोरले माधवराव १७७२ च्या नोव्हेंबरात थेऊरला वारले, आणि १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर नारायणरावांच्या विधवेला मुलगा झाला. काकाचं नाव पुतण्याला मिळालं. हे सवाई माधवराव.

नागपूरच्या भोसल्यांनी तर एक पायरी पुढे जाऊन दाखवली. आपल्या गादीवर रघूजी तीन झाले. दुसरे रघूजी पहिल्यांचे नातू. तिसरे हे दुसऱ्या रघूजींच्या मुलीचे मुलगे, त्यांचं घरचं नाव बाजीबा. १८१८ मध्ये आप्पासाहेबांना दूर करून त्यांना गादीवर बसवलं तेव्हा त्यांना रघूजी केलं. आजोबा १८१६ मध्येच गेले होते. नाव मोकळं होतं आणि गादीला ते हवं होतं.

पण मराठी रिवाजातली खरी गंमत पेशव्यांच्या त्या बाळाजीतच आहे. त्यांना बाळाजी कोण म्हणतं? इतिहासाच्या तासाला 'बाळाजी बाजीराव' पाठ करतो, तोंडात मात्र नानासाहेब. त्यांची आजी राधाबाई, म्हणजे बाळाजी विश्वनाथांची बायको, नातू तिशी ओलांडेपर्यंत हयात होती. नवरा गेला म्हणून तिला त्याचं नाव घ्यायची मुभा मिळाली असेल का? मला नाही वाटत. घरात नाना हे नाव का रुजलं याचा कागद कुठे नाही, पण महालातल्या माझ्या आजीचं तोंड पाहून मी माझा अंदाज बांधतो. असे नाना, तात्या, अण्णा, बापू, आबा प्रत्येक जुन्या घरात आहेत. त्यातल्या कित्येकांच्या मागे पाळण्यातलं एक नाव दडलेलं असतं, जे घरातल्या बायकांना उच्चारता येत नव्हतं.

म्हणजे आपला प्रश्न मराठी घराला लावला तर उत्तर वेगळं येतं. म्हातारा गेल्यावर नाव कागदासाठी मोकळं होतं, पण काही विशिष्ट तोंडांसाठी बंदच राहतं. बायको, सून यांच्यासाठी. अश्केनाझी आणि मराठी घर दोघेही म्हणतात 'जित्याचं नको', पण एकाला यमाच्या यादीची चिंता आहे आणि दुसऱ्याला सुनेच्या जिभेची. म्हणूनच पहिल्याला टोपणनावाची गरज पडत नाही आणि दुसऱ्याला ती हटकून पडते.

आदराचा हाच धागा पार टोकाला ताणला तर काय होतं ते जुन्या चीनमध्ये दिसतं. तिथे आजोबाचं नाव नातवाला देणं हा मान नव्हता, उद्धटपणा होता. वडिलांच्या, आजोबांच्या आणि सम्राटाच्या नावातलं अक्षर लिहायचंही नसे. तांग काळातला कवी ली ह याच्या वडिलांच्या नावातलं एक अक्षर 'जिन' असं उच्चारलं जायचं, आणि सर्वोच्च परीक्षेचं नावही 'जिन्शी'. विरोधकांनी बोंब ठोकली की याने परीक्षेला बसणं म्हणजे बापाचं नाव घेणं. हान यू या विद्वानाने त्याच्या बाजूने लेख लिहिला, त्यात विचारलं की बापाचं नाव 'रन' म्हणजे माणुसकी असेल तर मुलाने माणूसच होऊ नये का. तरी ली ह परीक्षेला बसू शकला नाही.

आता या सगळ्याच्या उलट टोक. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी, अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या आसपासच्या आदिवासी समाजांत माणूस जिवंत असताना त्याचं नाव मोकळं असतं आणि गेला की बंद होतं. उच्चारायचंच नाही. ज्यांचं नाव तेच आहे त्या जिवंत माणसांचीही पंचाईत होते; त्यांना मग 'कुमंजाई' म्हणायचं. वार्लपिरी भाषेतला हा शब्द म्हणजे 'ज्याचं नाव घ्यायचं नाही तो'. एखाद्या वस्तीत काही मृत्यू लागोपाठ झाले की तिथे एकाच वेळी अनेक कुमंजाई असतात. नावाशी मिळताजुळता आवाज असलेला रोजचा शब्दही बाजूला ठेवून त्याजागी दुसरा वापरतात. किती काळ? ठरलेला आकडा नाही. माणूस कोण होता आणि घरच्यांचं दुःख किती ओलं आहे यावर ते असतं, महिने किंवा वर्षं. ऑस्ट्रेलियातल्या टीव्हीवर कार्यक्रमाआधी 'यात मृत व्यक्तींची नावं आणि चित्रं असू शकतात' अशी सूचना येते ती यासाठी. अशा घरात नुकत्याच गेलेल्या आजोबांचं नाव बाळाला ठेवायचं म्हटलं तर तो आजीच्या जखमेवर रोज बोट ठेवण्याचा प्रकार होईल. अश्केनाझी ज्याला कर्तव्य म्हणतात तेच इथे क्रौर्य.

आणि उत्तर ध्रुवाकडचे इन्युइट याच्याही पलीकडे जातात. तिथे गेलेल्या माणसाचं नाव बाळाला दिलं की ते नुसतं आठवण म्हणून राहत नाही, नातीही त्यासोबत येतात. आजीचं नाव नातीला दिलं तर तिचा स्वतःचा बाप तिला 'आई' म्हणून हाक मारतो, आणि ते लाडाने नव्हे. तिच्यावर ओरडायलाही तो कचरतो. नावाला लिंग नाही, त्यामुळे आजीचं नाव नातवालाही जातं. आडनाव मात्र नव्हतं, आणि कॅनडाच्या सरकारला ते झेपेना. १९४१ पासून सरकारने प्रत्येकाला नंबर कोरलेला गोल बिल्ला दिला. पुढे १९६८ ते १९७१ मध्ये एब ओकपिक या इन्युइट माणसाने गावोगाव फिरून लोकांना आडनावं निवडायला लावली. काही घरांत मग एकाच बापाच्या मुलांची आडनावं वेगळी निघाली.

मी हे सगळं आजीला सांगितलं नाही. तेवढा वेळच मिळाला नाही, कारण निकाल आबांनी दिला. पेपर खाली ठेवून म्हणाले, "मेल्यावर ठेवाल तर मले काय ऐकू येते? आत्ता ठेवा." म्हणजे आबा सेफार्दी निघाले. आजी गप्प बसली, मग म्हणाली, "ठेवा. मी त्याले बापू म्हणीन."

बाराव्या दिवशी बारसं झालं. घुगऱ्या शिजत होत्या, पाळण्याखालून-वरून 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' झालं. आत्या बाळाच्या कानाशी वाकली, बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत बुक्के घातले आणि तिने नाव सांगितलं. मग प्रत्येकीने पाळण्याशी येऊन नाव घेऊन कुर्रर्र करायचं होतं. आजीची पाळी आली. ती वाकली, एक हात पाळण्याच्या कडेला, आणि नुसतंच कुर्रर्र केलं. बरंच मोठ्याने. नावाची जागा त्यातच भरून निघाली.